मूळ नक्षत्राची मुलगी



आपल्या घरांत ‘मूळ’ म्हटलं की आधी कांदा, बटाटा, मुळा, गाजर असं ताटात न येणारं सगळं आठवतं. आज मात्र आकाशातल्या मुळाबद्दल लिहिते आहे. माझ्या ताईच्या मुलीचं जन्मनक्षत्र मूळ. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, घरकामातही चटपटीत. तरी गेल्या दीड वर्षात तीन स्थळं पत्रिका बघून परत गेली. निरोप दर वेळी एकच यायचा, “मुलगी चांगली आहे हो, पण मूळ नक्षत्र सासऱ्याला जड असतं.”

ताई रडायची, भावोजी गप्प बसायचे. मला एकच कळेना, जी गोष्ट एवढ्या खात्रीने सांगतात ती लिहिलीय कुठे आणि नक्की काय लिहिलीय? माझ्या माहेरी पंचांग बघणारे एक काका आहेत, पत्रिका मांडण्यात आयुष्य गेलेले. त्यांच्याकडे ताईला घेऊन गेले. तिथे जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न आहे.

आधी जन्मनक्षत्र म्हणजे काय ते बघू. चंद्र आकाशात जी वाट चालतो तिचे सत्तावीस सारखे भाग केले, अश्विनीपासून रेवतीपर्यंत. प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा. बाळ जन्मतं त्या क्षणी चंद्र ज्या भागात असेल ते त्याचं जन्मनक्षत्र. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, पण तो कधी जलद चालतो, कधी सावकाश. म्हणून एखादं नक्षत्र एकवीस-बावीस तासांत संपतं, तर एखादं सव्वीस-सत्तावीस तास चालतं. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण. बारशाला गुरुजी जे अक्षर काढून देतात ते या चरणाचंच. मुळाची अक्षरं ये, यो, भा, भी.

चंद्र हा मनाचा कारक, म्हणून तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून माणसाचा स्वभाव सांगायचा, अशी ज्योतिषातली रीत आहे. नक्षत्राची देवता, त्याचं चिन्ह, त्याचा गण यांवरून तो ठरवतात. मुळाची देवता निर्ऋती, म्हणजे विनाशाची देवी. चिन्ह मुळांची जुडी. गण राक्षस. आता ही तीन नावं ऐकून कुठल्याही सासूच्या पोटात गोळा येणारच! पण काकांनी कपाटातून वराहमिहिरांचं बृहज्जातक काढलं. सहाव्या शतकातला हा ग्रंथ, ज्योतिषी आजही मानतात. त्यात प्रत्येक नक्षत्रावर जन्मलेल्याचा स्वभाव अगदी थोड्या शब्दांत दिलाय. मुळावर जन्मलेला माणूस मानी, धनवान, सुखी, स्थिर बुद्धीचा, उपभोग घेणारा असतो, आणि तो हिंसक नसतो, असं तिथे आहे.

हिंसक नसतो! मी काकांना ती ओळ दोनदा वाचायला लावली.

राक्षस गणाचंही तसंच. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट, देव, मनुष्य आणि राक्षस. राक्षस म्हणजे दुष्ट असा अर्थ ज्योतिषी घेत नाहीत. स्वतःच्या मताने चालणारा, तिखट, पटकन न वाकणारा असा घेतात. गुणमेलनात ३६ पैकी ६ गुण गणाचे असतात, ते दोघांचे स्वभाव जुळतील का हे बघायला. आमच्या भाचीला हे लागू पडतं, मी नाकारत नाही. लहानपणी “का?” विचारून तिने आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पण तिने कुणाचं वाईट चिंतलेलं मी कधी बघितलं नाही.

मग सासऱ्याचं कुठून आलं? ते स्वभावाच्या पुस्तकात नाहीच. ते आहे मुहूर्तचिंतामणीत, विवाहाच्या प्रकरणात. राम दैवज्ञांनी काशीत हा ग्रंथ लिहिला, शके १५२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६०० च्या सुमारास. त्यात मूळ सासऱ्याला, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा मोठ्या दिराला आणि विशाखा धाकट्या दिराला वाईट असं म्हटलंय. लोकांना एवढंच पाठ आहे. पण तिथेच आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कुणी सांगत नाही.

पहिली, मूळ आणि आश्लेषाचा नियम मुलगी आणि मुलगा दोघांनाही सांगितलाय. म्हणजे जावई मूळ नक्षत्राचा असेल तर तोही त्याच्या सासऱ्याला जड! आता सांगा, मुलाचं नक्षत्र बघून “आमच्या मुलीच्या वडिलांना धोका” म्हणत स्थळ परत करणारं घर तुम्ही कधी बघितलंय?

दुसरी, त्याला अपवाद दिलेत. मुळाचा शेवटचा चरण आणि आश्लेषाचा पहिला चरण यांना हा दोष नाही. विशाखाच्याही पहिल्या तीन चरणांना नाही. म्हणजे नुसतं ‘मूळ’ म्हणून भागत नाही, चरण काढावाच लागतो.

काकांनी तो आमच्यासमोर काढला. भाचीचा जन्म पहाटे ४ वाजून २० मिनिटांचा, तारीख १३. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. पंचांगातला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो, त्यामुळे पहाटेच्या जन्मासाठी आदल्या दिवसाची, म्हणजे १२ तारखेची ओळ बघायची. शिवाय त्या ओळीत छापतात ते सूर्योदयाचं नक्षत्र आणि ते संपण्याची वेळ. त्या वेळेनंतर जन्म असेल तर पुढचं नक्षत्र धरायचं. १२ तारखेला ज्येष्ठा होती, सकाळी ८ वाजून १० मिनिटांपर्यंत. तिथून मूळ लागलं आणि १३ तारखेला सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी संपलं. म्हणजे मूळ एकूण साडेपंचवीस तास होतं. त्याचे चार भाग केले की एक चरण सुमारे ६ तास २२ मिनिटांचा. पहिला चरण दुपारी अडीचच्या सुमारास संपला, दुसरा रात्री ९ च्या आधी, तिसरा पहाटे ३ वाजून १७ मिनिटांनी. भाची जन्मली ४ वाजून २० मिनिटांनी. चौथा चरण! दवाखान्याच्या कागदावरही हीच वेळ होती, आणि चरण लागून तासभर झाला होता, म्हणजे पाच-दहा मिनिटांच्या चुकीने फरक पडणार नव्हता.

ज्या श्लोकाच्या आधाराने तीन स्थळं परत गेली, त्याच जागी तिला दोष नाही असं लिहिलेलं होतं. ताईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “दीड वर्ष मी काय ऐकत बसले गं!”

काकांनी अजून एक गोष्ट दाखवली. महाराष्ट्रात काही घरांत टिळक पंचांग वापरतात. बाकीच्या बहुतेक पंचांगांत आणि त्यात राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची यात सुमारे चार अंशांचा फरक आहे. चरणच मुळी ३ अंश २० कलांचा, त्यामुळे या फरकाने चरण बदलतोच, कधी नक्षत्रही. भाचीचं गणित टिळक पंचांगाने केलं तर चंद्र मुळाच्या पुढे जातो आणि नक्षत्र येतं पूर्वाषाढा, गण मनुष्य. तीच मुलगी, तीच पहाट. एका पंचांगाने राक्षस गण आणि दुसऱ्याने मनुष्य गण! गंमत म्हणजे वराहमिहिरांनी पूर्वाषाढालाही ‘मानी’ म्हटलंय, आणि मैत्रीला पक्का. मानीपणा काही तिला सोडत नाही.

यावरून मला नक्षत्राच्या स्वभाववर्णनाची मर्यादाही कळली. एका दिवसात जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या बाळांचं नक्षत्र एक किंवा दोनच. म्हणजे दर सत्तावीस माणसांत साधारण एक मूळ नक्षत्राचा. हे सगळे एका स्वभावाचे कसे असतील? म्हणूनच जाणते ज्योतिषी नुसत्या नक्षत्रावरून बोलत नाहीत, चंद्राबरोबर कोण आहे, लग्नरास कोणती, हेही बघतात.

आपल्या धर्मात तर नक्षत्रं हे ज्योतिष्क देव, सूर्य-चंद्र-ग्रहांबरोबर फिरणारे आणि स्वतःही संसारातच असलेले. आपल्या आगमांत अभिजित धरून अठ्ठावीस नक्षत्रं मोजलीत. पण आपला राग, मान, माया, लोभ हे मोहनीय कर्माच्या उदयाने, असंच आपण शिकलो. नक्षत्र फार तर सूचना देईल, करणारं ते नव्हे. आणि तीर्थंकरांची जन्मनक्षत्रं बघा ना. पार्श्वनाथ भगवान विशाखा नक्षत्राचे, नेमिनाथ भगवान चित्राचे, दोन्ही राक्षस गणातली. आणि नववे तीर्थंकर पुष्पदंत भगवान, ज्यांना सुविधिनाथही म्हणतात, त्यांचं नक्षत्र मूळ! देवळात त्यांच्यापुढे हात जोडायचे आणि घरी येऊन मूळ नक्षत्राची मुलगी नको म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

गेल्या महिन्यात चौथं स्थळ आलं. मुलाच्या आईने मुळाचा विषय काढताच ताईने शांतपणे चरणाचा कागद पुढे केला. मग मुलाची पत्रिका बघितली. तो आश्लेषाच्या तिसऱ्या चरणाचा, म्हणजे त्याच नियमाने सासूला, आमच्या ताईला जड! ताई हसून म्हणाली, “माझी काही हरकत नाही हो. तुमचं काय?” त्या बाईंनाही हसू आलं. बोलणी चालू आहेत. मुलाला दोनदा भेटून भाचीचे प्रश्न अजून संपलेले नाहीत, ते संपले की तीच काय ते सांगेल.

तुमच्याकडे असा निरोप आला तर आधी जन्मवेळ कागदावर बघा, नुसत्या आठवणीवर जाऊ नका. हाक मारायच्या नावावरून नक्षत्र काढू देऊ नका, चरण काढायला लावा आणि पंचांग कोणतं ते विचारा. आणि मुलाचंही नक्षत्र मागा. हे विचारायला आपण मुलीकडचे म्हणून कचरायचं काही कारण नाही.

जय जिनेंद्र.