पिवळी पाटी, निळी पाटी : आल्प्समधील वाटाफलकांचे भाषांतर

आल्प्समधील पायवाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या फलकावर वाक्ये जवळजवळ नसतात. स्थळनामे, आकडे, बाण आणि रंगांचे पट्टे एवढाच त्याचा मजकूर असतो, आणि म्हणून त्याच्या छायाचित्रावरून मराठी भाषांतर करणाऱ्याला शब्दांइतकीच, किंबहुना अधिक, दक्षता शब्द नसलेल्या गोष्टींविषयी बाळगावी लागते. भाषांतरासाठी येणाऱ्या बहुतेक छायाचित्रांत नेमका हाच भाग कापला गेलेला असतो. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून फलकाचा मधला भाग जवळून टिपला जातो आणि पाटीचे टोक चौकटीबाहेर राहते. स्वित्झर्लंडमध्ये मात्र वाटेची काठिण्यपातळी त्या टोकावरच रंगवलेली असते.

स्विस पद्धतीत पायवाटांचे तीन मुख्य वर्ग आहेत. नुसती पिवळी पाटी साध्या पायवाटेची असते, आणि तिच्यासाठी विशेष तयारी लागत नाही. पिवळ्या पाटीचे टोक पांढरे-लाल-पांढरे असेल तर ती डोंगरवाट असते. ती काही ठिकाणी उभ्या चढाची व अरुंद असते, तिच्यावर एक्स्पोजर, म्हणजे पायाशेजारी थेट उतरणारी दरी, असू शकते आणि पाय भक्कम असल्याशिवाय तिच्यावर जाऊ नये असे मानले जाते. तिसरा वर्ग निळ्या पाटीचा, जिचे टोक पांढरे-निळे-पांढरे असते; ही आल्पाइन वाट बर्फाच्या पट्ट्यांतून, हिमनदीवरून, घसाऱ्यावरून किंवा हाताचा आधार घेऊन चढाव्या लागणाऱ्या कातळटप्प्यांतून जाऊ शकते आणि तिच्यावर मळलेली वाट असेलच असे नाही. छायाचित्रात टोक दिसत नसेल तर भाषांतरकाराने वाटेचा वर्ग तर्काने भरू नये. ‘टोक छायाचित्रात नाही, वर्ग अज्ञात’ अशी नोंद करून दुसरे छायाचित्र मागवावे. या आग्रहाला पुष्कळांकडून अडवणूक समजले जाते. वस्तुतः वर्ग न सांगणारे भाषांतर स्थळनामांच्या यादीपलीकडे काहीच देत नाही.

रंगाचे नाव जसेच्या तसे देऊनही काम संपत नाही, कारण सरहद्द ओलांडली की रंगाचा अर्थ पालटतो. बव्हेरियात आणि ऑस्ट्रियाच्या बऱ्याच भागांत डोंगरवाटांची प्रतवारी बर्फावरच्या घसरवाटांप्रमाणे निळा, लाल, काळा अशी चढत जाते, आणि तिथे निळा म्हणजे सर्वांत सोपी डोंगरवाट. तोच निळा रंग स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत अवघड वर्गाचा आहे. एकाच सहलीत दोन्ही देश पाहणाऱ्या प्रवाशाच्या हाती ‘निळी वाट’ एवढेच भाषांतर दिले, तर त्याची दिशाभूल होते. रंगासोबत देश आणि त्या देशातील वर्गाचा अर्थ ही दोन्ही लिहावीच लागतात.

याहून अधिक वाद अंतराविषयी होतो. मराठी वाचकाला वाट किलोमीटरमध्ये हवी असते, आणि स्विस पाटीवर बहुधा तास व मिनिटे असतात. पाटीवर मीटर दिसतात ते वेगळ्याच अर्थाने: क्लायने शायडेक या स्थानकापाशी, जिथे युंगफ्राउयोखला जाणारे अनेक पर्यटक गाडी बदलतात, पाटीच्या पांढऱ्या पट्ट्यात स्थळनामाखाली २०६१ मीटर असा आकडा आहे, आणि तो त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. त्याचे भाषांतर ‘२०६१ मीटर अंतरावर’ असे झाले, तर वाचणारा ज्या जागी उभा आहे तीच जागा दोन किलोमीटर पुढे ढकलली जाते. उंचीच्या आकड्यापुढे ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द घालणे, मुळात तो छापलेला नसला तरी, येथे अचूकतेचाच भाग आहे.

तासांचे किलोमीटर करून देणे ही सोय वाटते, पण ती चूक आहे, आणि ती का चूक आहे हे आकडेमोड केल्यावरच पटते. जर्मन भाषक आल्प्समध्ये प्रचलित असलेल्या एका प्रमाणपद्धतीनुसार सपाटीवरील वेग ताशी ४ किलोमीटर, चढ ताशी ३०० मीटर आणि उतार ताशी ५०० मीटर धरतात. आडव्या अंतराचा आणि उभ्या उंचीचा वेळ वेगवेगळा काढून मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा निम्मा मिळवतात. आता ८ किलोमीटरांची आणि ६०० मीटर चढाची वाट घेतली, तर आडवा वेळ २ तास, उभा वेळही २ तास, आणि पाटीवर येतात ३ तास. भाषांतरकाराने या ३ तासांना ४ ने गुणले तर तो १२ किलोमीटर लिहील, म्हणजे वाट प्रत्यक्षापेक्षा दीडपट लांब होईल आणि ६०० मीटरांचा चढ मात्र पूर्णपणे नाहीसा होईल. तीच वाट उतरताना उभा वेळ १ तास १२ मिनिटे होतो, त्याचा निम्मा ३६ मिनिटे, आणि एकूण २ तास ३६ मिनिटे. म्हणून ‘परतीलाही तेवढाच वेळ’ असे पदरचे वाक्य जोडण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. स्विस पाट्यांचे गणित याहून सूक्ष्म आहे, कारण त्यात वाटेच्या प्रत्येक भागाचा उतारकोन धरला जातो आणि सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर हा वेग येतो. तत्त्व मात्र तेच आहे, शिवाय या वेळेत विश्रांती धरलेली नसते. मराठी भाषांतरात ‘विश्रांती वगळून’ हे दोन शब्द यायलाच हवेत, कारण आपल्याकडील ट्रेकच्या वेळापत्रकात थांबे, फोटो आणि नाश्ता गृहीत धरलेले असतात.

प्रतवारीच्या बाबतीतही असाच घोळ होतो. स्विस आल्पाइन क्लबची टी१ ते टी६ ही श्रेणी पाटीवर नसली तरी वाटवर्णनांत सर्वत्र आढळते. टी१ पिवळ्या वाटेची, टी२ व टी३ पांढऱ्या-लाल-पांढऱ्या वाटेची आणि टी४ ते टी६ निळ्या वाटेची असा त्यांचा ढोबळ मेळ आहे. सहा पायऱ्यांत तिसरी म्हणून टी३ चे भाषांतर ‘मध्यम’ करण्याचा मोह अनेक माहितीपत्रकांना आवरत नाही. परंतु सह्याद्रीत ‘मध्यम’ हा शब्द प्रत्येक आयोजक आपापल्या अंदाजाने वापरतो, तर टी३ मध्ये वाट सर्वत्र दिसेलच असे नसते, उघड्या जागी दोर किंवा साखळ्या असू शकतात, तोल सावरायला हात लागू शकतो आणि काही ठिकाणी पडण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखकाचे ठाम मत असे की श्रेणीचे चिन्ह मूळ रूपातच ठेवावे आणि तिची लक्षणे मराठीत लिहावीत. एका विशेषणात ती कोंबणे म्हणजे धोका लपवणे होय.

धोक्याच्या सूचनांत लहानशी ढिलाई वागणूकच बदलते. जर्मन फलकावरील ‘श्टाइनश्लाग’ या सूचनेचे ‘दरड कोसळण्याचा धोका’ असे भाषांतर सर्रास होते. दरड म्हटल्यावर आपल्या मनात पावसाळ्यातील घाट उभा राहतो, आणि आकाश निरभ्र असलेला वाचक ती सूचना बाजूला सारतो. मुळात तिथे सांगितलेले असते ते वरून सुटे दगड येण्याविषयी, आणि ते कोरड्या दिवशी, वर चरणाऱ्या जनावरांच्या किंवा चालणाऱ्यांच्या पायांनीही सुटतात. म्हणून ‘वरून सुटे दगड पडण्याचा धोका’ असेच लिहावे, आणि तिथे थांबू नये असे फलकावर असेल तर तेही गाळू नये, कारण सावली मिळते म्हणून माणूस नेमका कड्याखालीच विसावतो. जलविद्युत धरणांखालच्या नदीपात्रांशेजारी असलेल्या फलकांचेही तसेच: पाणी कोणत्याही क्षणी अचानक वाढू शकते, अगदी चांगल्या हवेतही, असा त्यांचा आशय असतो. भाषांतर आटोपशीर करताना ‘चांगल्या हवेतही’ हे शब्द पहिल्यांदा कापले जातात. मग उरलेली सूचना वाचून मराठी माणूस ढगांकडे पाहतो आणि पात्रात उतरतो, जरी विसर्गाचा पावसाशी त्या दिवशी काही संबंध नसला तरी.

आकडा अस्पष्ट असेल, म्हणजे ३ की ८, १ तास २० की १ तास ५० हे कळत नसेल, तर दोन्ही शक्यता लिहून पुढे ‘अस्पष्ट’ अशी खूण करावी आणि सुरक्षिततेच्या नावाखाली मोठा आकडा निवडू नये. मोठा वेळ वाचून एखादा दमलेला प्रवासी जवळचा निवारा सोडून लांबच्या स्थानकाकडे परत वळू शकतो.