मोकळे महिने

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीच्या अर्जात मागच्या दहा वर्षांचा महिन्यामहिन्याचा हिशेब भरावा लागतो. नोकरी, शिक्षण, बेकारी, घरकाम, काय असेल ते लिहायचं; मधला एकही महिना कोरा ठेवायचा नाही. घर सांभाळणाऱ्या बाईकडे असा सलग हिशेब एरवी कुणी मागितलेला नसतो.

वहिनींच्या तक्त्यात जुलै २०१८ ते फेब्रुवारी २०२२ हा काळ असा मोकळा उभा राहिला. त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. आईचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीन दिवस त्यातच जायचे, आणि त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे त्यांच्या नोकरीतला खंड हा माझ्याच आईच्या आजारपणाचा काळ. तो समजावणारं पत्र लिहायला त्यांनी माझी मदत मागितली, तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं झालं.

त्यांचा पहिला मसुदा तीन पानांचा होता. त्यात फिस्टुलाचा हात होता, मोजून दिलेलं पाणी होतं, रात्री पाय दाबणं होतं. मी वाचत राहिले. यातलं कितीतरी मला ठाऊकच नव्हतं. पण अधिकाऱ्याला हवं होतं एवढंच, की कुठल्या महिन्यात नोकरी सुटली, का सुटली, पुन्हा कधी लागली आणि कशावरून. रिलीव्हिंग लेटर जून २०१८ चं, पीएफच्या पासबुकातला शेवटचा भरणाही त्याच महिन्याचा. या दोन तारखा जुळल्या नसत्या, तर पत्र कितीही हृद्य असतं तरी शंका तिथेच सुरू झाली असती. पत्राला डायलिसिस सेंटरच्या नोंदी आणि आईच्या मृत्यूचा दाखला जोडला.

मधल्या काळात वहिनी शेजारच्या लॅबमध्ये सकाळी दोन तास जाऊन यायच्या. तिथले डॉक्टर भले माणूस. म्हणाले, “पूर्णवेळचं पत्र देतो की!” मोह होण्यासारखीच गोष्ट होती. पण पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला तीस तास, आणि पगाराची एकही नोंद बँकेत नाही. खोटी माहिती पकडली गेली, तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही. शिवाय गरजच नव्हती. कुशल कामगारांच्या वर्गात पात्रतेसाठी मागच्या दहा वर्षांत एक सलग वर्ष लागतं. ते त्यांच्याकडे खंडाआधीही होतं आणि नंतरही. मग लपवायचं तरी कशासाठी? ते दोन तास आम्ही जसे होते तसे लिहिले आणि अनुभवात धरलेले नाहीत, हेही स्पष्ट केलं.

‘सासूबाईंची सेवा हे माझं कर्तव्य होतं’ हे वाक्य काढायला वहिनी तयार नव्हत्या. “त्यांना कळू दे की,” म्हणाल्या. शेवटी ते राहिलं, एकच ओळ. बाकी पत्र एका पानात बसलं. मार्च २०२२ पासूनच्या नोकरीत त्यांचा पगार जुन्यापेक्षा कमी आहे; नव्या लॅबच्या पत्रात तो आकडा आहे तसाच दिसतो, आणि आम्हीही त्याबद्दल काही सारवासारव केली नाही.