आमच्या गाळ्यातल्या बायकांचं देणं

बोईसर स्टेशनवर उतरून तारापूर एमआयडीसीकडे निघालं की दोन्ही बाजूंना रंगांचे, औषधांचे, रसायनांचे कारखाने लागतात. त्यांच्या सेंट्रिफ्यूजमध्ये बसणाऱ्या कापडी पिशव्या कोण शिवतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. त्या आम्ही शिवतो. गाळा माझ्या नावावर, कर्जही माझ्याच नावावर, म्हणून ८ मार्चला सत्काराचं बोलावणं मला येतं. पण या धंद्यातलं मला आज जे येतं, त्यातलं बहुतेक माझ्याकडे पगारावर असलेल्या बायकांनी शिकवलेलं आहे. ते देणं एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

मी घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-बीडिंग करायची. पहिली ऑर्डर आली तेव्हा सेंट्रिफ्यूज कसं असतं हेही मला माहीत नव्हतं. भोकाभोकांची पोलादी टोपली जोरात गरगर फिरते, तिच्या आत आमची पिशवी असते. ओला माल पिशवीत पडतो, द्रव कापडातून बाहेर फेकला जातो आणि घट्ट माल आत राहतो. मजबूत पिशवी म्हणजे जाड सुई आणि जाड दोरा, अशी माझी समजूत. जाड सुईनं कापडाला मोठी भोकं पडतात आणि बारीक माल त्यांतूनच निसटतो, एवढाही विचार मी केला नव्हता.

नवापूरच्या मावशी शिवणकामाला म्हणून आल्या नव्हत्या. नवापूर हे कोळ्यांचं गाव. जाळी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, तेव्हा धागे कापायला, गाठी तपासायला त्या बसत. एकदा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे आमच्या भाषेत पीपीचा, दोरा म्हणून आलेली रिळं त्यांनी हातात घेतली आणि म्हणाल्या, “पोरी, ह्यो दोरा तो नाय.” मी लेबल दाखवलं. त्यांनी लेबलाकडे पाहिलंच नाही. पाण्याचा पेला मागितला आणि दोऱ्याचा तुकडा त्यात टाकला. तो बुडाला. जुन्या रिळातला तुकडा टाकला, तो तरंगला. होडीवर कुठला दोर पाण्यावर राहतो आणि कुठला तळाला जातो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

पीपी पाण्याहून हलकं असतं, नायलॉन आणि पॉलिएस्टर जड. आमच्या कामात हा फरक फार महागात पडतो. तीव्र आम्लात नायलॉन टिकत नाही. गरम अल्कलीत पॉलिएस्टर झिजतं. पीपी दोन्ही सोसतं. मात्र नव्वद अंशांच्या पुढची उष्णता आणि गरम टोल्युइन, झायलिनसारखे सॉल्व्हंट त्याला मानवत नाहीत. कापड पीपीचं आणि दोरा नायलॉनचा असेल, तर आम्लाच्या कामात पिशवी धड राहते आणि शिवण उसवते. सगळा माल टोपलीत सांडतो, आणि गिऱ्हाईक दोष आमच्या शिवणीला देतं.

आज आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक रिळाची ही परीक्षा होते. पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा आणि तुकडा बोटांनी चोळून पूर्ण भिजवायचा, हेही मावशींनीच घालून दिलं. कोरड्या दोऱ्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि नायलॉनसुद्धा तरंगतं, मग परीक्षा फसते. बुडालेला दोरा नायलॉन की पॉलिएस्टर हे पाण्यावरून कळत नाही; त्यासाठी जाळून पाहावं लागतं. पॉलिएस्टर काळा, काजळीचा धूर सोडतं. पीपी जळताना मेणबत्तीसारखा वास येतो.

नागझरीच्या ताई आमच्याकडे येण्याआधी ठेकेदाराच्या हाताखाली एका कारखान्यात ट्रे भरायच्या. सेंट्रिफ्यूजमधून निघालेला ओला माल सुकवण्यासाठी ट्रेमध्ये पसरायचा, हे त्यांचं काम. आमच्या पिशव्यांसारख्या पिशव्यांचं पुढं काय होतं, ते गाळ्यात फक्त त्यांनी पाहिलेलं होतं. मालात दोऱ्याची टोकं आणि कापडाचे तंतू सापडायचे आणि ते वेचताना बोलणी मात्र ताईंना बसायची. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही शिवणीची दुमड पिशवीच्या बाहेरच्या अंगाला घेतली आणि कापड कात्रीऐवजी तापलेल्या पात्यानं कापायला लागलो. पीपीची कड त्यानं वितळून बंद होते, तंतू सुटत नाहीत. पिशवी उचलायचे पट्टे मी फक्त वरच्या काठाला शिवत असे. ताई म्हणाल्या, “भरलेली पिशवी उचलतात तेव्हा भार तळाला असतो, ताई. काठाला नुसतं धरून काय होणार?” तेव्हापासून आमचे पट्टे काठापासून खाली जाऊन तळाला वळसा घालतात.

मजुरीचं गणितही मला त्यांनीच शिकवलं. मी नगावर पैसे देत होते. लिज्जतमध्ये बायकांना लाटलेल्या पापडांवर मोबदला मिळतो, मग इथं का नको, असं मला वाटायचं. ताईंनी विचारलं, “तिथल्या बहिणी मालकीण आहेत ना?” खरंच होतं ते. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी उभारलेल्या त्या संस्थेत काम करणारी प्रत्येकजण सभासद आहे, नफ्यातही तिचा वाटा असतो. माझ्याकडे नुसताच दर होता. नगावर पैसे असले की शिवणारी घाई करते आणि सुटलेला टाका दाखवून स्वतःची मजुरी कोण बुडवून घेईल? आम्ही महिन्याच्या पगारावर आलो. आता एक बाई शिवते, दुसरी पिशवीच्या आत दिवा धरून अंधारात शिवण बघते. भोक मोठं असेल तिथं उजेडाचा ठिपका दिसतो. अशी पिशवी परत जाते आणि कुणाचे पैसे कापले जात नाहीत.

सर्वांत उशिरा समजलं ते जुलै महिन्याचं. पूर्वेकडच्या गावांतल्या बायका आवणीला जायच्या आणि मी त्यांचे खाडे मांडायची. मावशींनी एकदा वहीत डोकावून सांगितलं, की याच दिवसांत किनाऱ्यावरच्या बायका मोकळ्या असतात. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, घरात पैसा कमी. तेव्हापासून वर्षाचं वेळापत्रक बायकाच आखतात. आवणीच्या दिवसांत किनाऱ्याकडच्या बायका जास्त दिवस भरतात. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की पूर्वेकडच्या परत आलेल्या असतात. डहाणू आणि सफाळे दोन्हीकडून येणाऱ्यांच्या गाड्या पाहून सकाळची वेळही त्यांनीच ठरवली.

सगळं जमलंय असं नाही. ज्यांच्या हातात हे सगळं ज्ञान आहे, त्यांची या धंद्यात अजून भागीदारी नाही. ते देणं माझ्याकडे बाकी आहे आणि ते फुलांनी किंवा साडीनं फिटणारं नाही.

तारापुरात माझ्यासारखे छोटे गाळे चालवणाऱ्यांना एवढंच सांगेन, की यंदा महिला दिनाला कार्यक्रम नाही केला तरी चालेल, पण तुमच्याकडच्या बाईला माल अडवण्याचा अधिकार द्या. आमच्या गाळ्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिशवीच्या चिठ्ठीवर दोन सह्या असतात, एक शिवणारीची आणि एक तपासणारीची. माझी सही त्यावर लागत नाही.