आईंचं दार

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात हॉल आणि सासूबाईंची खोली यांच्यामध्ये दोन फळ्यांचं फोल्डिंग दार आहे. श्रावणात ते अडकू लागलं. एका रात्री आईंनी जोर लावून ओढलं, तर वरच्या पट्टीतून सुटून ते त्यांच्या अंगावरच कललं! थोडक्यात वाचल्या.

“लाकूड फुगलंय, रंधा मारून घ्या,” असं सगळे म्हणाले. पण फुगलेलं दार बहुधा कडेभर घासतं. आमचं फक्त वरच्या कोपऱ्यात घासत होतं आणि बिजागरीकडच्या चौकटीशी फट वर रुंद, खाली अरुंद होती. म्हणजे दार तिरकं झालं होतं. रंधा मारणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मुलाने आणि मी दार मिटून वर उचललं, खालची खुंटी खोबणीतून काढली आणि दार उतरवलं. वरची खुंटी धरणारी पकड स्क्रू सैल होऊन पट्टीत सरकली होती. ती भिंतीकडे सरकवून घट्ट केली. मग आधी वरची स्प्रिंगची खुंटी, नंतर पट्टीत धावणारं चाक आणि शेवटी खालची खुंटी बसवली. फट वरखाली सारखी झाली. वरची खुंटी जेमतेम अडकत होती, म्हणून खालचा बोल्ट पान्याने दोन फेरे फिरवून दार उचललं. स्प्रिंग मेली असती, तर मात्र खुंटीच बदलावी लागली असती.

आता आई एका बोटाने दार लावतात.