१५८ मिनिटं

महिनाअखेरीला सरांनी मला एक एक्सेल शीट पाठवली. खाली एकच ओळ होती: "हिचे तास जरा बघ, पगार काढायचाय." शीटमध्ये मिरजेहून घरून काम करणाऱ्या आमच्या टेस्टरची एक ओळ पिवळी केलेली होती. एका बुधवारी तिने ८ तास १० मिनिटं लॉग केली होती आणि त्यातली १५८ मिनिटं 'आयडल' होती. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश दिवस.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की घरी बसून मजा चाललीय.

ट्रॅकर सगळ्यांच्या लॅपटॉपवर बसवला तो मीच. त्यामुळे तो काय मोजतो हे मला माहीत असायला हवं होतं. तो काम मोजत नाही. कीबोर्डवर बोट पडलं का, माऊस हलला का, एवढंच तो बघतो. आमच्याकडे मर्यादा पाच मिनिटांची होती. पाच मिनिटं काहीच हललं नाही, की तो शेवटच्या हालचालीपर्यंत मागे जाऊन तो सगळा वेळ आयडल धरतो. आता दोघीजणी वीस मिनिटं एकच डॉक्युमेंट वाचतायत असं समजा. एक स्क्रीनवर वाचते, दर चार मिनिटांनी स्क्रोल करते. तिचा आयडल शून्य. दुसरी प्रिंट काढून पेन्सिलने खुणा करत वाचते. तिची वीसच्या वीस मिनिटं लाल. खरं तर टेस्टिंगमध्ये दुसरीचं वाचन जास्त उपयोगाचं.

मी तिला लगेच फोन केला नाही. आधी त्या बुधवारचा कच्चा लॉग काढला. टक्केवारीचा गोल चार्ट नव्हे, कुठून कुठपर्यंत काही हललं नाही त्याच्या वेळा. सहा तुकडे निघाले. त्यांच्या शेजारी कॅलेंडर ठेवलं, तिकिटं आणि टेस्ट रनचे लॉग ठेवले, आणि माझी स्वतःची कॉल हिस्टरी.

१०:१२ ते १०:४५ क्लायंटचा कॉल होता, कॅलेंडरमध्ये स्पष्ट. तिचं ब्रॉडबँड त्या सकाळी गेलं होतं म्हणून तिने तो मोबाईलवर घेतला. लॅपटॉपला ते कसं कळणार? ११:४० ते ११:५८ टेस्टचा रन चालू होता. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ सर्व्हरवर होती, आणि संपल्यावर तीन मिनिटांत तिने पहिला बग नोंदवला होता. १२:३६ ते १२:५७ या वेळेनंतर नव्या फीचरच्या तिकिटावर तिचे पाच प्रश्न पडलेले दिसले, पान क्रमांकांसकट. ते वाचल्याशिवाय पडत नाहीत. आणि १७:४० ते १८:०० ती फोनवर होती. माझ्याशी. नव्या मुलाला काम कसं वाटून द्यायचं, ते मी तिला विचारत होते.

तो तुकडा बघून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

म्हणजे ३३, १८, २१ आणि २०, अशी ९२ मिनिटं कामाची निघाली. उरले दोन तुकडे. १५:०५ ते १५:२४ आणि १६:१० ते १६:५७. आता मात्र फोन केला. "या वेळात काय करत होतीस?" असं विचारलं नाही. दोन्ही वेळा सांगितल्या आणि म्हटलं, "याच्या शेजारी ठेवायला माझ्याकडे काही नाही, तुझ्याकडे आहे का?"

"ताई, चार वाजता मुलीला शाळेतून आणायला गेले होते. रिक्षावाले काका आले नव्हते." मग जरा थांबून म्हणाली, "तीन वाजताचं मला खरंच आठवत नाही."

आमचा ट्रॅकर आयडलनंतर विचारतो: हा वेळ ठेवायचा की काढून टाकायचा? शाळेची ४७ मिनिटं तिने 'ठेवा' केली होती. मी ते विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "गेल्या महिन्यात मी सगळं काढून टाकत होते ना. मग पगार कमी आला. तुम्ही कुणीच काही बोलला नाहीत. म्हणून या महिन्यात सगळंच ठेवलं."

मी मागच्या महिन्याच्या नोंदी उघडल्या. तिने ९ वेळा वेळ काढून टाकला होता. त्यातले चार तुकडे माझ्या कॉलच्या वेळांशी जुळत होते. कॉल संपला, लॅपटॉपकडे वळली, समोर प्रश्न आला, आणि लॅपटॉपवर तर काही केलं नाही म्हणून तिने प्रामाणिकपणे 'काढा' दाबलं. माझ्याशी बोलल्याचे पैसे तिने स्वतःच्या पगारातून भरले होते. हे बटण नेमकं असंच चालतं. ज्याला खोटं बोलायचंय तो 'ठेवा' दाबतो, ज्याला शंका आहे तो 'काढा' दाबतो, आणि शीटमध्ये पहिला जास्त मेहनती दिसतो.

त्याच शीटमध्ये एका मुलाचा आयडल जवळजवळ शून्य होता. सर त्याच्यावर खूश होते. मी त्याचेही तुकडे उघडले, कारण आता एकीचेच उघडून थांबणं बरोबर दिसलं नसतं. माणसाच्या कामाचे आकडे वर-खाली होतात. लिहिताना चढतात, वाचताना पडतात. याचे दिवसभर ६० ते ६४ च्या मध्ये, टीम मीटिंगमध्ये तो कॅमेऱ्यासमोर हात हलवत बोलत होता तेव्हासुद्धा. माऊसची हालचाल भरपूर आणि कीबोर्ड तासन्‌तास शून्य. स्क्रीनशॉट ओळीने बघितले तर तेच पान, तीच ओळ. विचारल्यावर कबूल झाला: माऊस हलवत ठेवणारं छोटं यूएसबी उपकरण, ऑनलाइन मागवलेलं. त्याच्याबद्दल सरांशी वेगळं बोलणं झालं. त्यातही मला त्याची थोडी दया आली. तो कामात बरा होता, त्याला फक्त लाल रंगाची भीती होती.

बुधवारचा हिशेब मी असा केला. ९२ मिनिटं कामाची. न आठवणारी १९ तिच्या बाजूने. एका दिवशी एक तुकडा सुटला तर तो माणसाचा धरावा. रोज त्याच वेळेला तसाच तुकडा दिसला तर विचारावं. शाळेची ४७ कामाची नाहीत, ती मी वजा केली. उरली ७ तास २३ मिनिटं, म्हणजे आठ तासांना ३७ कमी. पण त्याच रात्री २२:२५ ला टेस्ट स्क्रिप्टमध्ये तिचा बदल पडलेला होता, ट्रॅकर बंद असताना. किती वेळ बसली होतीस विचारलं तर म्हणाली, "मुलगी झोपल्यावर, पाऊणएक तास." मी तिला तो वेळ हाताने टाकायला सांगितला, शेजारी कारण लिहून.

सर म्हणाले, "एकेकाचे सहा-सहा तुकडे बघत बसलीस तर तुझं काम कोण करणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्या एका दिवसाला मला दीड तास लागला होता. आता आम्ही मर्यादा वीस मिनिटांवर नेलीय, कॉल आणि टेस्ट रनचा वेळ तिकिटावरच टाकतो, आणि तिकिटं वेळेत होत असतील तर लॉग उघडतच नाही. आयडलवरून थेट पगार कापणं आमच्या टीमपुरतं बंद आहे. बाकीच्या टीम्सचं सर 'बघू' म्हणालेत.

मागच्या महिन्याचे चार कॉल मी तिच्या पगारात परत घालायला लावले. उरलेल्या पाच तुकड्यांचं काय होतं ते तिलाही आठवत नव्हतं, मलाही. ते तसेच गेले.