रात्रीचा हिशेब

बाळंतपणाची रजा संपवून सून नोकरीवर रुजू झाली, तेव्हा बाळ पाच महिन्यांचे होते. काढून ठेवलेले दूध सासूबाई वाटी-चमच्याने पाजत. पण दिवसभरात ते जेमतेम अर्धी वाटी घेई. आई घरी आली की मात्र तिला सोडत नसे आणि रात्री चार वेळा उठे.

“दूध आटले असावे, वरचे दूध सुरू करू,” असे सासूबाई म्हणाल्या. सून गप्प राहिली.

बालरोगतज्ज्ञांनी आधी वजन पाहिले. ते नीट वाढत होते. चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले होत होते. “दूध आटलेले नाही. बाळाने दिवसाचे पिणे रात्रीवर ढकलले आहे. वजन थांबले किंवा लघवी कमी झाली, तर मात्र लगेच आणा.”

मग क्रम बदलला. सून निघण्याच्या अगदी आधी पाजू लागली, घरी येताच पुन्हा, आणि झोपेपर्यंत आणखी दोनदा. दूध टिकावे म्हणून कार्यालयातही ती दोनदा दूध काढी. संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाईंनी स्वतःकडे घेतला.

पंधरा दिवसांनी रात्रीचे उठणे चारांवरून दोनांवर आले. ते दोन राहिलेच. पण दूध आटल्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.