दुपारच्या साडेतीन ते सात

संपादकांनी कोकणातल्या हॉटेलांवर लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात सोलकढी आणि उकडीचे मोदक असणार. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी चिपळूण-गुहागर पट्ट्यातल्या हॉटेलांची हजेरी आणि पगारपत्रकं बघते. त्यामुळे ताट वाढणारा माणूस किती वाजता आला, किती वाजता सुटला आणि त्याला कितीचे पैसे मिळाले, एवढंच मला अधिकाराने सांगता येईल. हेदवीतलं एक प्रकरण गेल्या हंगामापासून डोक्यातून जात नाही. ते सांगते.

आमच्या धंद्यात ‘ब्रेक शिफ्ट’ म्हणतात ती गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल. हॉटेलात गिऱ्हाईक दिवसभर सारखं येत नाही. दुपारी साडेबारा ते तीन एक लाट, रात्री आठ ते दहा दुसरी. मधल्या वेळात चार चहा जातात. म्हणून माणसाला सकाळी बोलवायचं, दुपारी सोडायचं, संध्याकाळी पुन्हा बोलवायचं. दोन तुकडे मिळून त्याची एक हजेरी. मुंबईतला वेटर मधल्या वेळात खोलीवर जाऊन पडतो. हेदवीत तसं होत नाही. माणूस शेजारच्या गावातून येतो आणि दुपारी जाऊन संध्याकाळी परत यायला एसटी जुळेलच असं नाही. मग तो मधले तीन-साडेतीन तास हॉटेलच्या मागच्या पडवीतच काढतो. त्या तासांना काय म्हणायचं, हा माझा विषय.

हेदवीच्या लाटा शहरातल्या हॉटेलांसारख्या घड्याळावर चालत नाहीत. इथे लोक दशभुज गणेशाच्या दर्शनाला येतात आणि बामणघळ बघायला जातात. खडकातल्या त्या अरुंद घळीत पाणी उसळतं ते भरतीलाच, म्हणून जाणते प्रवासी भरतीची वेळ विचारून निघतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. याचा अर्थ असा की संकष्टीला, देवळात सर्वांत जास्त माणूस असताना, भरती दुपारी तीनच्या सुमारास. उपास नसलेले लोक घळ बघून पावणेचारला जेवायला येतात. उपास असलेले दुपारी साबुदाण्याची खिचडी खातात आणि खरं जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे नऊच्या आसपास मागतात. दुपारची लाट उशिरा उतरते आणि रात्रीची उशिरा चढते. ज्याने रोजचंच वेळापत्रक त्या दिवशीही लावलं, त्याची माणसं साडेदहाला रिकामी उभी असतात आणि रात्री अकरानंतरही टेबलं पुसत असतात.

प्रकरण अशाच एका संकष्टीचं. अकरा कामगारांचं हॉटेल. एका तरुण वेटरने हंगाम संपल्यावर जादा कामाचे पैसे मागितले, मालकांनी नाकारले, आणि दोघे मला मधे घालायला तयार झाले. आम्ही तो एकच दिवस नमुन्यादाखल उलगडला. मालकांच्या वहीत त्या दिवशी मुलाच्या नावापुढे एकच खूण होती, हजर. मालक तोंडाने म्हणाले, “ताई, सकाळी दहा ते साडेतीन, त्यात अर्धा तास जेवण. रात्री सात ते सव्वा अकरा.” म्हणजे पाच तास अधिक सव्वाचार, सव्वानऊ तास. मुलगा म्हणाला, “मॅडम, दहाला आलो, सव्वा अकराला सुटलो. सव्वातेरा तास.” दोघांची बेरीज चुकलेली नव्हती. वाद साडेतीन ते सातच्या मधल्या तासांचा होता.

मग मी त्या दिवशीची बिलं काढली. बिलावर वेळ छापलेली असते आणि तिला कुणाची बाजू नसते. घळीवरून आलेल्या दोन कुटुंबांची बिलं चार वाजून पंचवीस मिनिटांची होती आणि त्यांवर त्याच मुलाचं टेबल होतं. म्हणजे साडेतीन ते साडेचार तो वाढत होता. सहा ते सात त्याने मोदकांसाठी नारळ खवले, हे स्वयंपाकघरातल्या बाईंनीच सांगितलं. हे दोन तास मालकांनी लगेच मान्य केले. वहीत एकच खूण असली की असे तास कुणी लपवत नाही, ते आपोआप गळतात. उरला साडेचार ते सहाचा दीड तास. त्यावर मालक म्हणाले, “तेव्हा तर तो बाकावर झोपलेला होता!” मुलाचं उत्तर असं: “लांब जाऊ नको, गाडी आली तर पाणी दे, असं तुम्हीच सांगितलं होतंत.”

या दीड तासाबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. काम म्हणजे हातपाय हलवणं, असं बहुतेकांना वाटतं. पडवीत आडवा झालेला वेटर दिसला की पर्यटकसुद्धा कोकणी माणसाच्या आळसावर बोलून जातात. मला ते ऐकून संताप येतो. खरी कसोटी शरीर हलतंय की नाही, ही नाही. तो वेळ कुणाच्या ताब्यात आहे, ही कसोटी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ साली खास हॉटेल आणि रेस्टॉरंट कामगारांसाठी १७२ क्रमांकाचा करार केला. त्यात कामाचे तास म्हणजे कामगार मालकाच्या हाताशी असण्याचा वेळ, अशीच व्याख्या आहे. सोबतच्या शिफारशीत तर तुटक पाळ्या हळूहळू बंदच व्हाव्यात असं म्हटलं आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, म्हणून त्याच्या आधारावर इथे कुणी दावा लावू शकत नाही. पण कसोटी म्हणून मला त्याहून चांगलं काही सापडलेलं नाही. ‘सातला ये, तोवर कुठेही जा’ असं सांगितलं असेल तर तो वेळ माणसाचा, त्याचे पैसे नाहीत. ‘लांब जाऊ नको’ असं सांगितलं असेल, तर तो वेळ मालकांचा. मग तो झोपला की जागा राहिला, याला महत्त्व नाही.

आता पैसे. सोयीसाठी रोज ६३० रुपये धरू, नऊ तासांचे. तासाला ७० झाले. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी लागू झाला, आणि त्याने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्यापुढच्या कामाला दुप्पट दर, म्हणजे इथे तासाला १४०. मालकांच्या हिशेबाने जादा काम पाव तास, ३५ रुपये. बिलं आणि नारळ धरले की सव्वादोन तास, ३१५ रुपये. बाकावरचा दीड तासही धरला तर पावणेचार तास, ५२५ रुपये. एकाच माणसाचा एकच दिवस, आणि आकडे तीन.

पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकली. त्याच कायद्यात तेव्हा ‘स्प्रेड-ओव्हर’ नावाची मर्यादा होती. पहिल्यांदा कामावर आल्यापासून शेवटी सुटेपर्यंतचा सगळा पसारा, मधली विश्रांती धरून, साडेदहा तासांच्या आत हवा होता. काम अधूनमधून येणारं किंवा तातडीचं असेल तर बारा. मुलाचा पसारा सव्वातेरा तासांचा होता. मधला वेळ पूर्ण मोकळा सोडला असता तरीही तो मर्यादेबाहेरच गेला असता. जादा पैसे देऊन हे नीट होत नाही. ज्याला सकाळी नऊला घर सोडावं लागतं आणि जो रात्री बाराला पोचतो, त्याला मधले दीड तास दिले काय आणि न दिले काय, त्याचा दिवस गेलेलाच असतो.

साडेदहा तासांत एकाच माणसाकडून दोन्ही लाटांची तयारी, वाढप आणि आवराआवर होऊच शकत नाही. हे मालकांना कागदावर मांडून दाखवलं की पटतं. म्हणून माणसांचे दोन गट करायचे आणि त्यांची सुरुवात एकमेकांपासून तीन तास सरकवायची. संकष्टीसाठी आम्ही असं बसवलं: पहिला गट साडेनऊला येतो, अडीचला सुटतो, पाचला परत येऊन आठला घरी जातो. काम आठ तास, पसारा बरोबर साडेदहा. देऊळ, खिचडी, नारळ खवणं, संध्याकाळची मांडामांड ही कामं त्यांची. दुसरा गट साडेबाराला येतो, साडेचारपर्यंत घळीवरून येणारी उशिराची जेवणं वाढतो, मग खरोखर मोकळा होतो, साडेसातला येऊन रात्री अकराला सुटतो. काम साडेसात तास, पसारा पुन्हा साडेदहा. मोठी भांडी रात्री भिजत घालायची, घासायची सकाळी. आठ ते अकरा माणूस कमी पडतो, तिथे गावातली एक व्यक्ती सात ते अकरा घ्यायची. चार तासांचे २८० रुपये, एका दमलेल्या वेटरच्या ५२५ पेक्षा कमी.

बेरजेत आणखी एक खड्डा आहे आणि तो मला वारंवार दिसतो. आठ तास पंचेचाळीस मिनिटं वहीत ८.४५ अशी लिहितात आणि मग कॅल्क्युलेटरवर सहाने गुणतात. उत्तर येतं ५०.७०. प्रत्यक्षात पावणेनऊ गुणिले सहा म्हणजे साडेबावन्न तास. आठवड्याला पावणेदोनहून थोडे जास्त तास कुणी न चोरता नाहीसे होतात, कारण तासात मिनिटं साठ असतात आणि कॅल्क्युलेटर शंभर धरतो. आधी मिनिटं वेगळी बेरजेला घ्या, साठने भागा, मग तासांत मिळवा.

या सगळ्यात माझंही मन एका जागी अडतं. हेदवी-वेळणेश्वरच्या बहुतेक खानावळी चार-पाच माणसांच्या आहेत, तिथे तासांची ही कलमं पोचतच नाहीत. शिवाय सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामगारांची अट दहावरून वीसवर आणि रोजचे तास नऊवरून दहावर नेण्याचा निर्णय घेतला. माझं प्रकरण त्याआधीचं. अट वीसची असती, तर त्या अकरा कामगारांच्या हॉटेलात मी कोणतं कलम दाखवणार होते, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

मालकांनी शेवटी ३१५च्या हिशेबाने पैसे दिले. बाकावरचा दीड तास त्यांनी मानला नाही आणि मुलाने तो सोडला. तो आता चिपळुणात एका दुकानात सलग पाळीत काम करतो.

हा अंक हॉटेलवाल्यांच्या हाती पडेल तेव्हा सुट्ट्यांची गर्दी सुरू असेल. त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे चार माणसं असोत की चौदा, हजेरीच्या वहीत प्रत्येक नावापुढे चार रकाने आखा: सकाळी आला, दुपारी सुटला, संध्याकाळी आला, रात्री सुटला. आणि दुसऱ्या रकान्यात वेळ लिहाल, तेव्हा त्या माणसाला खरंच जाऊ द्या.